कुऱ्हाडीनं काय सांगितलं

पत्राच्या पाकिटावर ‘मा. अभिरक्षक महोदय’ असं होतं, आत ‘आदरणीय सर’. मी बाई आहे हे तिला कळायचा काही मार्ग नव्हता. संग्रहालयाच्या पाटीवर पदनाम असतं, माणूस नसतो. पत्र हातानं लिहिलेलं, फुलस्केपच्या दोन्ही बाजू भरून. मुलगी एस.वाय.बी.ए.ला होती. कॉलेजच्या सहलीबरोबर आमच्या छोट्याशा संग्रहालयात आली होती आणि बाकीची पोरं शस्त्रांच्या दालनात तलवारींसमोर फोटो काढत असताना ही तिसऱ्या कपाटाशी थांबली होती. तिथं तांब्याची एक सपाट कुऱ्हाड आहे. खाली चिठ्ठी : ‘कुऱ्हाड. तांबे. ताम्रपाषाण युग, इ.स.पू. १४००–१०००.’

तिनं लिहिलं होतं :

“माझे आजोबा पुण्यात तांबट आळीत काम करायचे. मी घरी गेल्यावर त्यांना कुऱ्हाडीचं चित्र काढून दाखवलं. ते म्हणाले, हे नुसतं ओतलेलं नाही, धार ठोकून काढलेली असणार. मी विचारलं, न बघता कसं सांगता? तर म्हणाले, नुसत्या ओतलेल्या तांब्याला धार राहत नाही, पहिल्या लाकडालाच दुमडेल. सर, हे खरं आहे का? तुम्ही ते कसं तपासता? आणि दुसरं म्हणजे, चिठ्ठीवरची तारीख कशी काढली? ती तुम्हाला कुऱ्हाडीनं सांगितली, की तुम्ही तिला सांगितली?”

शेवटचं वाक्य वाचून मी पत्राची घडी घातली, खणात ठेवलं आणि चहा मागवला. उत्तर द्यायला मला चार महिने लागले. त्यातला एक महिना आळसाचा होता, बाकीचे खरंच लागले.

आधी एक कबुली. ही कुऱ्हाड मी कामाला लागायच्या बऱ्याच आधी संग्रहालयात आली. नोंदवहीत लिहिलंय : विहीर खणताना सापडली, शेतकऱ्यानं आणून दिली. गावाचं नाव आहे, विहीर किती खोल गेली होती ते नाही. आल्यावर काही वर्षांनी तिची जी सेवा झाली ती मला आमच्या जुन्या शिपाईमामांनी स्वतः अभिमानानं सांगितली. कोणी मोठे पाहुणे येणार होते. मामांनी हिरवी पडलेली कुऱ्हाड घेतली, चिंच आणि राख लावून घरच्या हंड्यासारखी लखलखीत केली. “बाई, सोन्यासारखी दिसत होती,” म्हणाले. पाहुणे आलेच नाहीत.

चिंचेनं काय गेलं हे सांगायला हवं. जमिनीत शेकडो वर्षं पडलेल्या तांब्यावर आधी लालसर थर धरतो, त्यावर हिरवा. हा हिरवा नुसता वर बसत नाही, धातूच्या कणाकणांमधल्या फटींतून आत उतरतो. नव्या तांब्यावर आम्ल लावून कोणी बनावट हिरवेपणा आणला, तर तो वरवरच राहतो, खालचा लाल थर आणि आत गेलेली मुळं नसतात. म्हणजे जुनेपणाचा एक साक्षीदार वरच्या पापुद्र्यात असतो. शिवाय त्यातच माती अडकलेली असते, कधी कोळशाचा कण, कधी दांड्याच्या लाकडाचा धागा. हे सगळं मामांच्या बादलीतून मोरीत गेलं. मामांना दोष देऊन काही उपयोग नाही, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. नशिबानं धारेच्या एका कोपऱ्याजवळच्या खळग्यात थोडा हिरवा राहिला होता.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र धातूच्या पोटात होतं, तिथं चिंच पोचत नाही.

मी कुऱ्हाड कपाटातून काढली, हातमोजे घातले आणि खिडकीशी घेऊन बसले. लांबी १४ सेंटिमीटर, वजन ५२० ग्रॅम. इतकी वर्षं रोज तिच्यासमोरून जाते, पण अशी निवांत कधी पाहिली नव्हती. एक बाजू सपाट. दुसरी मधोमध किंचित फुगीर, आणि त्या फुगवट्यावर बारीक बारीक खड्डे, जसे घावनाच्या वरच्या अंगाला पडतात. धारेकडे जावं तसे खड्डे पुसट होत जातात आणि शेवटच्या दोन सेंटिमीटरांत गायब. धार बाजूला किंचित पसरलेली, पंख्यासारखी.

घावनाची उपमा मला उगाच सुचली नाही. उघड्या साच्यात तांबं ओतलं की खालची बाजू साच्याला चिकटून सपाट येते आणि वरची हवेला उघडी राहते. वितळलेलं तांबं हवा पितं. घट्ट होताना ती हवा बाहेर पडायला बघते आणि जाळी पडते. दोन तुकड्यांच्या बंद साच्यात ओतलं असतं तर अरुंद कडेवरून एक शिवण गेली असती. आमच्या कुऱ्हाडीला ती दिसत नाही, पण कडा ठोकून सपाट केलेल्या आहेत, म्हणजे शिवण होती आणि पुसली असंही कोणी म्हणू शकेल. म्हणून मी तिला लिहिलं, ‘बहुधा उघडा साचा’. ‘बहुधा’ खाली रेघ मारली.

आजोबांच्या मुद्द्यासाठी मात्र भिंग पुरेना. मग फाइल शोधली. अडगळीच्या खोलीत दोन आठवडे गेले, धुळीनं शिंका, आणि शेवटी एक पिवळा पडलेला अहवाल सापडला. एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या धातुशास्त्राच्या प्राध्यापकांनी फार वर्षांपूर्वी कुऱ्हाडीचे दोन लहान नमुने तपासले होते. एक धारेच्या कोपऱ्यातून, एक मागच्या जाड बाजूतून, दोन्ही तांदळाच्या दाण्याएवढे. आज एवढासा तुकडा कापायची परवानगी मिळवायलाही वर्ष जाईल, आणि ते बरोबरच आहे.

पद्धत अशी : दाणा रेझिनमध्ये बसवायचा, आरशासारखा घासायचा, त्यावर फेरिक क्लोराइडचा सौम्य द्राव काही सेकंद लावायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. द्राव कणांच्या सीमा किंचित खातो, त्यामुळे धातूचे कण वेगवेगळे दिसायला लागतात. अहवालात दोन फोटो चिकटवलेले होते. मागच्या बाजूच्या फोटोत मोठे, ओबडधोबड कण आणि त्यांच्या सीमांवर तांब्याच्या ऑक्साइडचे काळपट ठिपके, मण्यांच्या माळेसारखे. हे ओतकामाचं रूप. धारेच्या फोटोत कण कितीतरी लहान, आणि बऱ्याच कणांतून आरपार गेलेल्या सरळ समांतर पट्ट्या. याला धातुशास्त्रात ट्विन म्हणतात. ओतून थंड झालेल्या तांब्यात त्या आपोआप येत नाहीत. आधी तांबं ठोकलेलं असावं लागतं आणि मग ते तापवावं लागतं, तेव्हा कण नव्यानं घडतात आणि घडताना या पट्ट्या पडतात.

गंमत पुढे आहे. त्या पट्ट्या काही ठिकाणी वाकलेल्या होत्या, आणि ऑक्साइडचे ठिपके गोल न राहता धारेच्या दिशेनं लांबुळके झाले होते. म्हणजे शेवटचं तापवून झाल्यावर कारागिरानं पुन्हा थंडच ठोकलं आणि मग तापवलं नाही. तिथंच थांबला. कारण थंड ठोकल्यानंच तांबं कडक होतं. अहवालात कडकपणाचे आकडेही होते, व्हिकर्स मापात : मागे ६०च्या आसपास, धारेला ११०. एकाच कुऱ्हाडीचं एक टोक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट कडक.

हे मी पत्रात सविस्तर लिहिलं आणि शेवटी लिहिलं, “आजोबांना सांग, त्यांचं बरोबर आहे.” आठ दिवसांत तिचं उत्तर. आजोबांनी म्हणे नुसती मान हलवली आणि म्हणाले, “मग त्यात काय? ताव दिल्याशिवाय तांबं पुढं सरकतच नाही.” तांबट हंडा घडवताना पत्रा ठोकत जातो, तो आखडायला लागला की भट्टीत लाल करतो आणि पाण्यात बुडवतो. लोखंडाचं काम करणाऱ्याला हे उलटं वाटेल, कारण पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं. तांबं मऊ होतं. पाण्यात बुडवलं नाही तरी होतं, पण बुडवल्यानं वरची काळी खपली निघून जाते आणि वाट बघावी लागत नाही. भांडं शेवटी मठारतात, म्हणजे सगळ्या अंगावर हातोडीचे एकसारखे ठोके मारतात. ती नक्षी आहे असं आपण समजतो. आजोबा म्हणाले, नक्षी नंतर, आधी भांड्याला ताठपणा येतो. कुऱ्हाडीच्या धारेला जे केलं तेच.

त्या पोरीनं एवढ्यावर सोडलं नाही. तिला कुऱ्हाड करून बघायची होती. आजोबांनी सरळ सांगितलं, ओतकाम आमचं नव्हे, ते ओतारी करतात. मग तिनं ओळखीतून एक ओतारी गाठले. वायरचं मोडीतलं सव्वा किलो तांबं घेतलं, मातीचा उघडा साचा केला. तांबं वितळायला १०८४ अंश सेल्सिअस लागतात, आणि ते ओतता येईल इतकं पातळ व्हायला त्याच्याही थोडं वर जावं लागतं. कोळसा आणि नुसता भाता यांवर ते होतं, पण हात भरून येतात.

पहिला प्रयत्न फसला. साचा उन्हात वाळवला होता, पण भाजलेला नव्हता. आत ओल राहिली होती, तांबं पडताच वाफ झाली आणि धातू उसळला. कोणाला लागलं नाही ही कृपा. ओताऱ्यांनी तिला असं झापलं की तिनं पत्रात तेवढंच अर्धं पान लिहिलं. दुसऱ्या वेळी साचा भाजून घेतला, ओतल्याबरोबर वर कोरड्या कोळशाची पूड पसरली, म्हणजे हवा लागत नाही. तरी वरच्या अंगाला जाळी आलीच, पण कमी. पाकिटात तिनं फोटो पाठवला. आमच्या कुऱ्हाडीचा फुगवटा आणि तिचा, शेजारी ठेवले तर बहिणी वाटाव्यात.

मग आजोबांनी धार काढायला घेतली. तिनं घाई केली. “ताव न देता किती पातळ जातं बघू या,” म्हणाली. धार पाच मिलिमीटरवरून तीनवर आली तेव्हा कडेला केसाएवढ्या चिरा पडायला लागल्या. आजोबा थांबले, तिच्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. चिरा पडलेला भाग घासून काढला, तुकडा भट्टीत घातला आणि पुन्हा सुरुवात केली. चिरा धातूच्या आतल्या त्याच ऑक्साइडच्या माळांवरून गेल्या असणार. माझ्याकडच्या जुन्या अहवालात धारेत एक बारीक चीर नोंदलेली आहे, ‘बहुधा घडवताना पडलेली’ अशी टीप. मी ती वीस वेळा वाचली असेन. तिचं पत्र आल्यावर मात्र पहिल्यांदा वाटलं, तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी घाई केली होती.

आता दुसरा प्रश्न. तारीख. इथं मला इतकं सोपं गेलं नाही.

तांब्यात कार्बन नसतो, म्हणून कार्बन-१४ नं तांब्याचं वय निघत नाही. तांब्याचं मूळ कुठल्या खाणीचं, याचा अंदाज त्यातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून येऊ शकतो, पण खाण म्हणजे तारीख नव्हे. एक्स-रे फ्लोरोसन्सचं यंत्र धरलं की कुठला धातू किती टक्के ते समजतं, तेही वरच्या कातडीचं, आणि गंजलेल्या कातडीत कथिलाचं प्रमाण आतल्यापेक्षा जास्त दिसू शकतं. कुऱ्हाड कशी घडली हे ती सांगते. कधी घडली हे ती सांगत नाही. ते तिच्या शेजाऱ्यांना विचारावं लागतं : सोबतच्या खापराला, कोळशाला, जळक्या धान्याला. आमच्या कुऱ्हाडीचे शेजारी विहिरीच्या मलब्यात गेले.

मग ‘इ.स.पू. १४००–१०००’ आलं कुठून? मी तिच्यासाठी साखळी मांडून दिली. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे आहे. तिथं १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं. जोर्व्याला सहा सपाट कुऱ्हाडी आणि एक तांब्याची बांगडी मिळाली आहे, आणि तिथलं तांबड्यावर काळ्या रंगानं नक्षी काढलेलं मडकं, लांब तोटीचं, पुढे त्या संपूर्ण संस्कृतीची ओळख झालं. आमची कुऱ्हाड जोर्व्याच्या कुऱ्हाडींसारखी दिसते, ही पहिली कडी. जोर्व्याच्या कुऱ्हाडी त्या खापरांच्या काळातल्या, ही दुसरी. तसंच खापर घोड नदीकाठच्या इनामगावात थरांमधून मोठ्या प्रमाणात मिळालं, तिथं १९६८ पासून अनेक हंगाम खोदकाम चाललं, ही तिसरी. आणि त्या थरांतल्या सेंद्रिय अवशेषांच्या कार्बन-१४ तारखा प्रयोगशाळांनी काढल्या, ही चौथी. त्यावरून सुरुवातीचा जोर्वे काळ साधारण इ.स.पू. १४०० ते १०००, नंतरचा ७०० पर्यंत. आमच्या चिठ्ठीवरची तारीख म्हणजे चार घरं ओलांडून आणलेला निरोप आहे.

शेवटच्या तीन कड्या पक्क्या आहेत, तिथं माझी काही तक्रार नाही. तरी चौथीतही खाचाखोचा आहेत. कोळसा जुन्या झाडाच्या गाभ्याचा असेल तर तो गाभा चूल पेटण्याआधी शंभर वर्षं ‘मेलेला’ असतो आणि तारीख तेवढी मागे जाते. म्हणून सातूचा जळका दाणा मिळाला तर कोळशापेक्षा बरा, कारण त्याचं आयुष्य एका हंगामाचं. शिवाय प्रयोगशाळा देते ती ‘कार्बन वर्षं’ असतात, १९५० पासून मागे मोजलेली. प्रयोगशाळेनं ३००० सांगितलं तर आपण वजाबाकी करून इ.स.पू. १०५० लिहू. पण हवेतलं कार्बन-१४ सगळ्या काळात सारखं नव्हतं. झाडांच्या वर्तुळांवरून केलेली दुरुस्ती लावली की तेच वर्ष इ.स.पू. १२५० च्या आसपास जातं. दोनशे वर्षांचा फरक. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक आणि १८७४ एवढा.

कच्ची आहे ती पहिली कडी. ‘सारखी दिसते.’ सपाट कुऱ्हाड हा इतका साधा आकार आहे की हडप्पाच्या लोकांनी तो केला, मध्य प्रदेशातल्या बालाघाटजवळच्या गुंगेरियात १८७० साली तांब्याच्या चारशेहून जास्त वस्तूंचा साठा मिळाला त्यातही सपाट कुऱ्हाडी आहेत. हजार वर्षांच्या पल्ल्यात हा आकार जिवंत आहे. नऊवारी नेसलेल्या बाईच्या फोटोवरून साल ओळखा म्हणण्यासारखं. जोर्व्याच्या एका कुऱ्हाडीत कथिल दोन टक्क्यांपेक्षा थोडं कमी निघालं होतं. आमच्या अहवालात कथिल जवळजवळ शून्य. याचा अर्थ काळ वेगळा असा होत नाही, पण ‘सारखी’ म्हणताना जीभ अडखळायला हवी.

आणि हे फक्त आमच्यासारख्या कोपऱ्यातल्या संग्रहालयाचं दुखणं नाही. प्रवरेकाठच्याच दायमाबादला मिळालेल्या चार मूर्ती घ्या : बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती, गेंडा. मिळून साठ किलोंहून जास्त वजन. १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना गावकऱ्यांना मिळाल्या, पुरातत्त्वज्ञांच्या खोऱ्याखाली नव्हे. नंतर तिथं रीतसर उत्खनन झालं, पण मूर्ती नेमक्या कुठल्या थरातल्या हे मागे जाऊन सिद्ध करणं अवघडच. कोणी त्या उत्तर हडप्पा काळाच्या मानल्या. पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी धातूतलं आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त असल्याकडे बोट दाखवून शंका काढली, कारण त्या काळच्या इतर वस्तूंत तसं दिसत नाही. जागतिक कीर्तीच्या मूर्तींचं हे, तर आमच्या विहिरीतल्या कुऱ्हाडीनं काय बोलावं?

हे सगळं लिहून झालं आणि शेवटी तिच्या नेमक्या प्रश्नाला हो-नाही लिहायची वेळ आली. मी लिहिलं, “तारीख आम्हीच तिला सांगितली. आणि इतकी वर्षं ती आमच्या तोंडून तिनं मुकाट ऐकली.” पत्र टाकायला निघाले आणि परत येऊन तिसरं कपाट उघडलं, चिठ्ठी काढून घेतली. नव्या चिठ्ठीसाठी वर मंजुरी लागते. मसुदा केला : ‘सपाट कुऱ्हाड. तांबे. बहुधा उघड्या साच्यात ओतून, धार तापवून व ठोकून घडवलेली. विहीर खणताना सापडली, सोबतचे अवशेष उपलब्ध नाहीत. जोर्वे येथील कुऱ्हाडींशी साम्य. काळ अनिश्चित.’ वरिष्ठांनी ‘काळ अनिश्चित’वर लाल गोल केला आणि समासात लिहिलं, ‘लोकांना काय वाटेल?’ फाइल अजून फिरते आहे. मी निवृत्त झाले.

निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात ती आजोबांना घेऊन आली होती. आजोबा कानानं अधू, तांबट आळीत सगळ्यांचेच कान जातात. मी कुऱ्हाड त्यांच्या हातात दिली. नियमात बसत नाही, पण दिली. त्यांनी हातमोजे घातले नाहीत, मीही आग्रह धरला नाही. अंगठा धारेवरून एकदा डावीकडून उजवीकडे नेला, मग उलटा. कुऱ्हाड तिरकी धरून डोळ्याशी नेली.

“डावखुरा असंल,” म्हणाले. “इकडं ठोके जास्त पडलेत.”

मी अहवाल पुन्हा काढून बघितला. दोन्ही नमुने एकाच बाजूचे होते.